मसाला एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

नाशिकमधल्या एका बाईंचा गोडा मसाला चांगला खपतो असं धरू. सुरुवात घरच्या ओट्यावर झाली, मग शेजारची खोली घेतली, आणि आता महिन्याला साठ किलो मसाला जातो. कांडपाच्या गिरणीत रांगेत उभं राहून एवढा माल वेळेवर निघत नाही. म्हणून त्या एका मसाला कारखान्याकडे दर विचारतात. माल कारखान्यात तयार होईल, पण पाकिटावर नाव त्यांच्याच ब्रँडचं असेल. दुसऱ्या दिवशी फोनवर तीन ओळींचं कोटेशन येतं: किमान बॅच २५० किलो. मटेरियल ॲट ॲक्चुअल. प्रोसेसिंग ७० रुपये किलो, पॅकिंग ३ रुपये पाकीट, बॅच चार्ज १० हजार.

अशा कोटेशनवर हजारो छोटे ब्रँड उभे आहेत, आणि मोठेही. पार्ले-जीची कितीतरी बिस्किटं पार्लेच्या स्वतःच्या नव्हे, तर कंत्राटी कारखान्यांत भाजली जातात. जन औषधी केंद्रातल्या गोळ्या वेगवेगळ्या औषध कंपन्या बनवतात आणि त्या विकल्या जातात जन औषधीच्या नावाने. व्यवहार जुना आहे आणि प्रामाणिकही आहे. तरीही नव्या उद्योजकाचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा कोटेशनच्या या तीन ओळींत, कारण त्यांतला प्रत्येक शब्द दिसतो त्यापेक्षा जास्त सांगतो. पुढचा सगळा हिशेब या नाशिकच्या बाईंच्या मसाल्याचा आहे. त्यातले दर समजण्यासाठी धरलेले आहेत. कारखाना आणि हंगाम बदलला की तेही बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

पहिली ओळ किमान बॅचची. २५० किलो हा आकडा ऐकला की कारखानदार छोट्या गिऱ्हाइकाला टाळतोय असंच वाटतं. त्यामागे खरं तर दोन वेगळी कारणं असतात, आणि ती वेगळी ओळखता आली तरच घासाघीस करता येते.

पहिलं कारण पैशाचं. गोड्या मसाल्याच्या आधी त्याच पल्व्हरायझरमधून मिरची निघालेली असते. तो उघडून, झटकून, पुसून घ्यावा लागतो. नंतर थोडे धणे दळून ते फेकून द्यावे लागतात, नाहीतर गोड्या मसाल्याला लाली आणि तिखटपणा चढतो. परदेशात पाठवायच्या मालात हे काम उलट्या बाजूनेही करावं लागतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा लेबलवर जाहीर करायचा ॲलर्जीकारक घटक ठरला आहे. त्यामुळे तीळ असलेला गोडा मसाला निघाल्यावर त्याच मशीनवर तीळ नसलेला निर्यातीचा माल घ्यायचा असेल, तर सफाई आणखी काटेकोर होते. सफाई झाली की पॅकिंग मशीन नव्या पाकिटाला जुळवायचं, बॅचचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. हा खर्च ५० किलोला जेवढा येतो तेवढाच २५० किलोलाही येतो. दहा हजारांचा बॅच चार्ज २५० किलोवर पसरला तर किलोमागे ४० रुपये पडतात, ५० किलोवर पसरला तर २०० रुपये. या कारणाने आलेली किमान बॅच पैसे मोजून खाली आणता येते. छोट्या बॅचलाही पूर्ण बॅच चार्ज द्यायची तयारी दाखवली, तर बरेच कारखानदार ऐकतात.

दुसरं कारण यंत्राचं, आणि तिथे पैसा चालत नाही. दळलेला मसाला रिबन ब्लेंडरमध्ये मिसळतात. आडवं पिंप असतं आणि आत फिरणाऱ्या पोलादी पट्ट्या माल इकडून तिकडे ढकलत राहतात. हे पिंप साधारण ४० ते ७० टक्के भरलेलं असेल तरच नीट मिसळतं. त्याहून कमी भरलं तर पट्ट्या मालाला पुरेशा लागतच नाहीत, आणि जास्त भरलं तर मालाला हलायला जागा उरत नाही. मसाला पूड हलकी असते, एका लिटरच्या जागेत अंदाजे साडेचारशे ग्रॅमच मावते. म्हणजे २५० किलोला साडेपाचशे लिटरच्या वर जागा लागते, आणि हजार लिटरच्या ब्लेंडरमध्ये ही बॅच मध्यावर, अगदी योग्य बसते. त्याच ब्लेंडरमध्ये १०० किलो टाकले तर पिंप जेमतेम २२ टक्के भरेल. असा मसाला कमी मिसळलेला निघतो. एका पाकिटात दगडफूल आणि नागकेशर जास्त जातं, दुसऱ्यात नुसतेच धणे. गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळची चव नाही आली." आणि ते खरंच असतं.

म्हणून बाईंनी कारखानदाराला पहिला प्रश्न दराचा विचारू नये. "दादा, मिक्सिंग कुठल्या ब्लेंडरमध्ये करणार, तो किती लिटरचा आहे?" हा प्रश्न आधी विचारावा. शेजारी ४०० लिटरचा ब्लेंडर असेल, तर १०० किलोची बॅच त्यात व्यवस्थित बसते आणि पुढचं बोलणं फक्त पैशाचं राहतं. तो नसेल, तर १०० किलोचा आग्रह धरणं म्हणजे स्वतःच्याच ब्रँडचं नुकसान करणं. मसाला नीट मिसळला की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. पाककृतीत मीठ असेल तर बॅचच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं पाकीट घेऊन तिन्हींतलं मिठाचं प्रमाण मोजून घ्यायचं. ते एकसारखं नसेल, तर बाकीचे घटकही एकसारखे मिसळलेले नाहीत हे समजून चालायचं.

पाकिटाची मात्र स्वतःची वेगळी किमान बॅच असते, आणि नवखा माणूस इथेच सर्वात जास्त फसतो. रंगीत छापील पाऊच ग्रॅव्हुअर पद्धतीने छापायचा असेल, तर प्रत्येक रंगासाठी एक सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, आणि छपाईवाला काहीशे किलो फिल्मपेक्षा कमी काम सहसा घेत नाही. समजा त्याने ३०० किलो सांगितले. १०० ग्रॅमच्या पाकिटाला पाच ग्रॅम फिल्म धरली, तर ३०० किलोत ६० हजार पाकिटं निघतात. बाईंच्या २५० किलोच्या बॅचला लागतात २५०० पाकिटं. म्हणजे चोवीस बॅचेसची पाकिटं एकदम घ्यायची. महिन्याला साठ किलोच्या खपाने ती संपायला आठ वर्षं लागतील. तोवर पत्ता बदलेल, परवाना बदलेल, लेबलचे नियम बदलतील. म्हणून छोट्या ब्रँडने कोऱ्या पाऊचवर छापील लेबल चिकटवावं किंवा डिजिटल छपाई करून घ्यावी. पाकिटामागे रुपया-दोन रुपये जास्त गेले तरी चालेल. कारखान्याने सिलिंडर करून घ्यायला सांगितलंच, तर सिलिंडर कोणाच्या मालकीचे आणि उरलेली फिल्म कोण घेणार, हे लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

आता दुसरी ओळ: मटेरियल ॲट ॲक्चुअल. जेवढ्याला माल आला तेवढेच पैसे, वर एक पैसाही नफा नाही, असा त्याचा अर्थ आहे. ही पद्धत कारखानदाराला हवी असते, कारण मसाल्याचे भाव कोणाच्याच हातात नसतात. २०२३ मध्ये गुजरातमधल्या उंझाच्या बाजारात जिऱ्याने क्विंटलला ५० हजार रुपयांचा टप्पा ओलांडला, आणि पुढच्या वर्षी भाव जवळपास निम्म्यावर आला. अशा बाजारात वर्षभराचा पक्का दर द्यायचा तर कारखानदाराला त्यात धोक्याची रक्कम धरावीच लागते, आणि भाव उतरला तरी ती गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. किमतीला माल ही दोघांच्याही सोयीची व्यवस्था आहे, फक्त 'किंमत' म्हणजे काय हे आधी ठरलेलं पाहिजे.

कारखानदाराने धणे घेतले. बिलावर मालाचा भाव आहे, त्याखाली अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि शेवटी जीएसटी. यातलं जीएसटी सोडून बाकी सगळं खऱ्या अर्थाने किंमतीत मोडतं, आणि ते द्यायलाच हवं. जीएसटी मात्र नाही. नोंदणीकृत कारखानदाराला खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर त्याचा खर्च होतच नाही. बहुतेक सुक्या मसाल्यांवर ५ टक्के आणि प्लॅस्टिक पाऊचवर १८ टक्के कर असतो. कारखानदाराने बिलाची शेवटची, करासकट बेरीज 'ॲक्चुअल' म्हणून लावली आणि त्यावर पुन्हा स्वतःच्या बिलात कर घेतला, तर बाईंना एकाच मालाचा कर दोनदा भरावा लागतो. हे पकडायचं तर खरेदीच्या बिलाचा फोटो मागायचा, आणि करापूर्वीची रक्कम व कोटेशनमधली रक्कम शेजारी ठेवून बघायची. कोणी मुद्दाम करतंच असं नाही. कित्येकदा हिशेबनीस सवयीने शेवटची ओळ उचलतो.

भाव कोणत्या तारखेचा धरायचा, हाही प्रश्न आहेच. फेब्रुवारी-मार्चच्या हंगामात मिरची-धणे स्वस्तात घेऊन कारखानदाराने शीतगृहात ठेवले असतील आणि बाईंची ऑर्डर सप्टेंबरात असेल, तर तो आजचा बाजारभाव लावणार की स्वतःच्या खरेदीचा भाव आणि वर शीतगृहाचं भाडं? 'ॲक्चुअल' या शब्दाचा सरळ अर्थ दुसरा आहे. पण माल साठवून ठेवण्यात कारखानदाराचाही पैसा अडकतो. त्याबद्दल ठरावीक टक्के घ्यायचे तर ते उघडपणे लिहून घ्यावेत, हे न्याय्य आहे.

या पद्धतीतली सर्वात खोल अडचण मात्र भावाची नाही, घटीची आहे. धणे निवडताना काडीकचरा निघतो, भाजताना ओल जाते, दळताना धूळ उडते, चाळणीवर भरड उरते. तीळ आणि सुकं खोबरं तेलकट असतं. ते एकटं दळलं तर जाळीवर लगदा बसतो, म्हणून धण्यांबरोबर मिसळून दळावं लागतं, तरी थोडं मशीनला चिकटून राहतंच. समजा, शंभर किलो कच्च्या मालातून ९२ किलो मसाला निघतो. मग २५० किलो तयार मसाल्याला २७२ किलो कच्चा माल लागतो. कच्च्या मालाचा मिश्र दर ३८० रुपये किलो धरला, तर १,०३,३६० रुपये होतात, म्हणजे तयार मसाल्याच्या किलोला सुमारे ४१३ रुपये. कोटेशनमध्ये ३८० वाचलेला माणूस इथेच ३३ रुपयांनी चुकलेला असतो.

आता कामगारांनी चाळणी नीट बसवली नाही, किंवा भाजताना माल जास्त तापला, आणि ९२ ऐवजी ८८ किलोच निघाले तर? त्याच २५० किलोला २८४ किलो कच्चा माल लागेल. जादा १२ किलोचे ४,५६० रुपये कोणी द्यायचे? 'ॲक्चुअल' एवढंच लिहिलं असेल तर बाईंनी. कारखानदाराच्या चुकीचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे, आणि चूक टाळण्यात कारखानदाराचा काहीच फायदा नाही, अशी ही रचना होते. माल किमतीला घेण्याच्या पद्धतीत हा दोष मुळातच आहे. ज्याला मालावर नफाही नाही आणि तोटाही नाही, त्याला माल वाचवण्याचं कारण उरत नाही. त्यावर एकच उपाय चालतो. घट किती टक्के हे करारातच ठरवायचं. ८ टक्क्यांपर्यंतची घट ब्रँडची, त्यावरची कारखानदाराची. हा आकडा अंदाजाने धरू नये. पहिल्या बॅचला उभं राहून आत गेलेला आणि बाहेर आलेला माल वजन करून घ्यावा आणि तोच आकडा पुढे लावावा. पाऊचची तूटही तशीच ठरवावी. २५०० पाकिटांना तीन टक्के धरून २५७५ पाऊच हे रास्त आहे.

कच्चा माल बाईंनी स्वतःच घेऊन दिला तर? तोही मार्ग आहे, आणि कायद्याने त्याला जॉबवर्क म्हणतात. माल बाईंच्याच मालकीचा राहतो. तो चलनावर कारखान्यात जातो आणि एका वर्षाच्या आत परत यायला हवा. कारखानदार फक्त मजुरीचं बिल देतो आणि अन्नपदार्थांच्या या मजुरीवर ५ टक्के कर लागतो. त्यासाठी बाईंची जीएसटी नोंदणी हवी. याउलट कारखानदाराने माल घेऊन किमतीला लावला, तर तो माल त्याच्याच बिलाचा भाग असतो आणि कर पूर्ण रकमेवर लागतो, वर नफा घेतलेला नसला तरी. जॉबवर्कमध्ये मालावर पूर्ण ताबा मिळतो, पण बाजारात उभं राहायचं, माल पारखायचा आणि रोख भांडवल घालायचं हे सगळं बाईंच्या अंगावर येतं. बरेच अनुभवी लोक मधला मार्ग घेतात. धणे, खोबरं, तीळ असा मोठ्या वजनाचा माल कारखान्याने घ्यायचा, आणि ज्यांच्या प्रमाणावर चव अवलंबून आहे ते दगडफूल, नागकेशर, लवंग, शहाजिरे स्वतः एकत्र करून एका सीलबंद पोत्यातून पाठवायचे. माल पारखलेला राहतो आणि पाककृतीही पूर्णपणे कारखान्याच्या हाती जात नाही.

बाईंच्या पहिल्या बॅचचं पूर्ण गणित असं होतं. कच्चा माल १,०३,३६० रुपये. पाऊच आणि खोके मिळून ९,७४०. प्रोसेसिंग १७,५००. पॅकिंग ७,५००. बॅच चार्ज १०,०००. एकूण १,४८,१००, म्हणजे कर धरण्याआधी १०० ग्रॅमचं एक पाकीट ५९ रुपये २४ पैशांना पडतं. तीन ओळींच्या कोटेशनमध्ये ठळक दिसत होते ते ७० रुपये प्रोसेसिंग. एकूण रकमेत ते बारा टक्केसुद्धा नाहीत. दराची घासाघीस ७० वर करण्यापेक्षा घट आणि 'किंमत' या शब्दांवर करावी, ती याचमुळे.

लेबलचाही विचार कोटेशनच्या टप्प्यावरच करावा लागतो. माल दुसऱ्याने बनवला म्हणून जबाबदारी दुसऱ्याची होत नाही. ब्रँडच्या मालकाचाही एफएसएसएआय परवाना लागतो. पाकिटावर ब्रँडमालकाचं नाव, पत्ता आणि चौदा अंकी परवाना क्रमांक हवा, आणि बनवणारा वेगळा असेल तर त्याचाही क्रमांक हवा. म्हणजे दुकानात पाकीट उलटवणारा कोणीही माल कुठे बनला हे वाचू शकतो. कारखान्याच्या दर सहा महिन्यांच्या तपासणीचा अहवाल आणि आपल्या बॅचचा अहवाल, दोन्ही मागून ठेवावेत. प्रत्येक बॅचचं एक पाकीट दोघांनीही सील करून जपून ठेवावं. तक्रार आली की वाद त्या पाकिटावर मिटतो.

आणि आता मूळ प्रश्न: २५० किलो घ्यावेत का?

समजा कारखान्यात ४०० लिटरचा ब्लेंडर आहे आणि १०० किलोलाही कारखानदार तयार आहे, फक्त बॅच चार्ज पूर्ण घेणार. तसा हिशेब केला तर एक पाकीट ६५ रुपये ३२ पैशांना पडतं, सहा रुपयांनी महाग. २५० किलो माल शंभर-शंभरच्या बॅचमध्ये घेतला तर एकूण सुमारे १५ हजार २०० रुपये जास्त जातात. पण २५० किलोची बॅच विकायला बाईंना चार महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि गोड्या मसाल्यात खोबरं-तिळाचं तेल असतं. जुन्या पाकिटाला खवट वास येऊ लागतो, आणि दुकानदार मुदत बरीच शिल्लक असलेलाच माल ठेवायला मागतो. तयार मसाल्याचा किलोचा खर्च ५९२ रुपये आहे. म्हणजे अडीचशे किलोपैकी अवघे २६ किलो परत आले किंवा फेकावे लागले, तरी मोठ्या बॅचने वाचवलेले सगळे पैसे गेले. ज्या ब्रँडला आपला महिन्याचा खप किमान वर्षभर मोजून माहीत आहे, त्याने २५० किलो घ्यावेत. नाशिकच्या बाईंचं साठ किलोचं गिऱ्हाईक अजून नवं आहे. त्यांनी पहिल्या दोन बॅचेस शंभर-शंभर किलोच्याच घ्याव्यात.